तिथीची पाऊणपट: एका नव्या सहकारीची ओळख

(आमच्या सॉफ्टवेअर टीमच्या सोमवारच्या बैठकीत केलेले हे निवेदन. बैठकीत नाव घेतले होते. इथे ते सहकारीच्या इच्छेनुसार काढले आहे.)

आजच्या बैठकीत कामाचा आढावा नंतर घेऊ. आधी नव्या सहकारीची ओळख करून देतो. ती आजपासून आपल्याबरोबर आहे. डहाणू तालुक्यातल्या वाढवणजवळच्या गावातून ती येते. आपल्या ॲपमध्ये भरती-ओहोटीचा जो भाग आहे, त्यावर ती काम करणार आहे.

मी आज काय बोलणार आहे ते शुक्रवारी तिला लिहून पाठवले होते आणि त्यातले काय काढायचे ते विचारले होते. तिने एक वाक्य काढायला सांगितले, ते काढले. पुढे जे बोलतो आहे ते तिने वाचलेले आहे.

आधी तिला काय येते ते सांगतो. विज्ञानाची पदवी झाल्यावर ती पायथन स्वतः शिकली. माहितीचे तक्ते तपासणे आणि त्यातल्या चुका शोधणे, हे काम तिला चांगले जमते. हे मी तिच्या अर्जावरून सांगत नाही, मुलाखतीत पाहिलेल्या एका गोष्टीवरून सांगतो. ती गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या कामाशी तिचा थेट संबंध आहे.

मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला आपण भरतीच्या वेळांचा महिनाभराचा एक तक्ता दिला होता. तो मुद्दाम बिघडवलेला होता. वेळा भारतीय प्रमाणवेळेत असायला हव्या होत्या, पण आपण त्या यूटीसीमध्येच ठेवल्या होत्या, म्हणजे साडेपाच तास मागे. काय चुकले आहे, एवढेच विचारले होते.

बहुतेकांनी जे केले ते चूक नव्हते. त्यांनी दोन भरत्यांमधले अंतर काढले. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या येतात आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. म्हणून भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तक्त्यात हे सगळे बरोबर होते. आलेखही सुरेख दिसत होता. सगळ्या वेळा सारख्याच मागे सरकल्या, तर त्यांच्यातले अंतर बदलत नाही. म्हणून अंतर तपासणारी कुठलीही चाचणी ही चूक पकडू शकत नाही. आपल्या स्वयंचलित चाचण्याही अशाच लिहिलेल्या आहेत.

तिने तक्ता पाहिला आणि विचारले, "या तारखेला तिथी कोणती होती?"

त्या दिवशी चतुर्थी होती. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार. चारची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि साधारण तशीच एक पहाटेही. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तक्ता चतुर्थीला सकाळी साडेनऊ दाखवत होता. तिने दुसरी तारीख काढली, अष्टमीची. सहा हवेत तिथे साडेबारा होते. फरक पुन्हा साडेपाच तासांचा. मग तिने आपणच सांगितले, "वेळ यूटीसीमध्ये राहिली आहे."

या हिशेबामागचे कारण सरळ आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरती त्याच्याबरोबर पुढे जाते. तिथी हीही चंद्राच्याच चालीची मोजणी आहे. म्हणून एका तिथीला पाऊण तास, हे गणित बऱ्यापैकी जुळते. टीममधल्या ज्यांच्या घरी हिजरी कॅलेंडर लागते त्यांच्यासाठी: चाँदची तारीख कोर दिसल्यावर सुरू होते, त्यामुळे ती बहुधा तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. तिच्यात एक किंवा दोन मिळवा आणि पाऊणपट करा. बेरीज पंधराच्या पुढे गेली की पंधरा वजा करायचे, बाकी हिशेब तोच.

आता ही चूक किती गंभीर आहे ते पाहू. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात. साडेपाच तासांची चूक म्हणजे भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी. ॲप चतुर्थीच्या सकाळी साडेनऊला पूर्ण भरती दाखवते, आणि प्रत्यक्षात त्याच्या थोडेसेच आधी पाणी सगळ्यात खाली गेलेले असते. खाडीच्या तोंडातून होडी आत आणणाऱ्याने त्या वेळेवर भरवसा ठेवला, तर होडी गाळात किंवा खडकावर बसेल. आपला किनारा उत्तरेला खंभातच्या आखाताकडे जातो तसा भरती आणि ओहोटीतला फरक वाढत जातो. उधाणाच्या दिवसांत तो फार मोठा असतो. तिथे अशी चूक लगेच महागात पडते.

मुलाखतीतली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त आवडली. मी विचारले की मग आपण तक्ता टाकून पाऊणपटच का वापरू नये? ती म्हणाली की हा हिशेब चूक दाखवतो, वेळ सांगत नाही. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते. खाडीच्या आत भरती उघड्या समुद्रापेक्षा उशिरा पोचते. पाणी किती चढेल हे पाऊणपट सांगतच नाही. अर्ध्या-पाऊण तासाची चूक तिला दिसणार नाही, साडेपाच तासांची दिसेल. नेमक्या वेळेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे भरतीचे तक्तेच घ्यावे लागतात. आपल्या साधनाची मर्यादा न विचारता सांगणारा माणूस चाचण्या चांगल्या लिहितो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून तिचे पहिले काम हेच आहे. तक्त्यातली प्रत्येक वेळ पाऊणपटीशी ताडून पाहायची आणि दोन तासांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबवायचे, अशी चाचणी ती लिहील. काम लहान आहे, दोन आठवड्यांत पुरे होईल, आणि झाल्यावर लगेच वापरात येईल.

आता तिला काय नवे आहे ते सांगतो. हेही तिनेच सांगितलेले आहे. गिट तिने एकटीने वापरले आहे. पाच-सहा जण एकाच कोडवर काम करतात तेव्हा होणारे गोंधळ तिने पाहिलेले नाहीत. आपल्या कोडमधल्या टिपा इंग्रजीत आहेत, आणि त्यातल्या निम्म्या संक्षेपांचा अर्थ लिहिणाऱ्यालाच माहीत आहे. इथे आपण चार गोष्टी करायच्या आहेत.

पहिली. पहिला महिना तिच्या प्रश्नांसाठी एकच माणूस ठरलेला असेल. ते काम आपल्या चाचण्या सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने घेतले आहे. रोज दुपारी अर्धा तास त्याचा तिच्यासाठी राखीव. प्रश्न कुणाला विचारायचा हेच ठरत नसेल, तर नवा माणूस प्रश्न गिळतो.

दुसरी. तिने पाठवलेला बदल एका दिवसात तपासायचा. "असे नको" एवढेच लिहून सोडायचे नाही. का नको, ते एका वाक्यात लिहायचे. मराठीत लिहिले तरी चालेल.

तिसरी. ती आठवड्यातून दोन दिवस इथे येईल, बाकी दिवस घरून काम करेल. वाणगावहून निघायचे आणि एक गाडी चुकली तर पुढची लगेच मिळत नाही. म्हणून ही बैठक आता साडेनऊऐवजी अकराला.

चौथी गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. वाढवण म्हटले की सगळ्यांना एकच आठवते, बंदर. ऑगस्ट 2024 मध्ये त्याची पायाभरणी झाली. सुमारे 76 हजार कोटींचा प्रकल्प आहे. तिथल्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. या खोलीतही दोन्ही मतांची माणसे आहेत, मला माहीत आहे. तरी कुणीही तिला जेवताना "मग तुमच्या गावाचे काय म्हणणे आहे?" असे विचारू नये. तिला बोलावेसे वाटले तर ती आपणहून बोलेल, आणि तेव्हा ते तिचे मत असेल, गावाचे नव्हे.

हे मी का सांगतो? माझ्या पहिल्या नोकरीत कुठेही काही घडले की सोमवारी चहाच्या टेबलावर सगळे माझ्याकडे वळायचे. "तुमच्या लोकांचे काय मत?" विचारणारे वाईट नव्हते. पण मी लिहिलेल्या कोडबद्दल मला कुणी काही विचारायचे नाही. सहा महिन्यांत मी त्या टेबलावर बसायचे सोडले. कामाच्या गप्पाही तिथेच व्हायच्या, त्याही सुटल्या. कुठल्या बदलाचे काय ठरले ते मला शेवटी कळायचे.

याचा अर्थ तिच्या किनाऱ्याच्या माहितीचा उपयोग करायचाच नाही, असा नाही. ती माहिती तर आपल्याला हवीच आहे. पण ती कामासारखी मागायची. खाडीबद्दल, वाऱ्याबद्दल, मासेमारीच्या शब्दांबद्दल काही विचारायचे असेल तर ते कामांच्या यादीत लिहा. उत्तर द्यायला लागलेला वेळ तिच्या कामाच्या तासांत धरला जाईल. त्यातून ॲपमध्ये काही बदलले, तर त्या बदलावर तिचे नाव असेल. आणि सगळ्या किनाऱ्याचे उत्तर तिच्याकडून अपेक्षू नका. वाढवणची खाडी तिला माहीत आहे. दाभोळची तिथल्याच माणसांना विचारावी लागेल.

हे नीट चालले आहे की नाही, ते मी तीन गोष्टींवरून पाहणार आहे. दुसऱ्या आठवड्यात तिने एकही प्रश्न विचारला नाही, तर तिला सगळे समजले असे मी धरणार नाही; विचारायला अडचण होते आहे असे धरेन. तिचा बदल दोन दिवस तसाच पडून राहिला, तर तपासणाऱ्याला विचारेन. आणि महिन्याभरात तिला आलेले सगळे निरोप फक्त गावाबद्दलचे असले, कोडबद्दलचा एकही नसला, तर तो प्रश्न मी याच बैठकीत मांडेन.

माझे झाले. तिने पहिल्या कामाबद्दल दोन शंका लिहून आणल्या आहेत. त्यातली एक मला सुटली नाही: अधिक महिन्यात किंवा तिथीचा क्षय झाला तर चाचणीने कोणता आकडा धरायचा? पंचांग आणि तक्ता दोन्ही समोर ठेवा. आता ती बोलेल.