फोटोतला हॉल कितीला पडेल?

सावेडीतल्या एका ताईंनी हॉलचा फोटो पाठवला आणि विचारलं, यातलं सगळं कितीला पडेल? मी आधी माप काढतो, किंमत नंतर. फरशी दोन फुटी धरली. सोफ्याच्या पुढच्या पायांपाशी सव्वातीन फरश्या भरल्या, म्हणजे साडेसहा फूट, तीन जणांचा. फोटोच्या कडेच्या वस्तू मोबाईल ताणून दाखवतो, तिथं हे मोजमाप धरू नका.

टीपॉय सागवानी वाटत होता. झूम केलं तर वरच्या रेषा कडेला तुटलेल्या. अस्सल लाकडात त्या कडेवरूनही उतरतात. म्हणजे हे लॅमिनेट, साधारण तीन हजार. सागवानात सुताराकडून केलात तर दहा-बारा हजार.

पडदे लिननसारखे, साधे. खिडकी पाच फुटी, चुण्यांसाठी कापड दुप्पट रुंद लागतं. अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याच्या तीन पट्ट्या, उंची धरून सात मीटर. कापड बाजारात दोनशे रुपये मीटरचं घेतलं तर चौदाशे, शिलाई वेगळी.

सोफ्यापुढे मात्र मी वीस ते चाळीस हजार लिहिलं. आतला फोम फोटोत दिसत नाही. ताई म्हणाल्या, "एवढा फरक?" दुकानात बसून बघा म्हटलं.