बेअरिंग फेकण्याआधी कापून पाहा



एका कारखान्यातल्या ब्लोअरची गोष्ट सांगतो. मोटर 15 किलोवॅटची. थेट लाइनवर वर्षानुवर्षं चालली. वेग कमी-जास्त करता यावा म्हणून तिला ड्राइव्ह बसवला आणि काही महिन्यांतच ती आवाज करू लागली. आधी बारीक खरखर, मग घूंऽऽ असा एकसुरी आवाज, वेगाबरोबर चढणारा-उतरणारा. फिटरने बेअरिंग बदललं, पट्ट्याचा ताण तपासला. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा तेच.

दुसऱ्या खेपेला जुनं बेअरिंग भंगारात न टाकता कापलं. ग्रीस काळं पडलेलं होतं. पण नुसत्या उष्णतेनेही ते काळं पडतं, तेवढ्यावरून निदान होत नाही. रॉकेलने रेस पुसल्यावर मात्र खूण दिसली. गोळ्या धावतात त्या वाटेवर, पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या, सारख्या अंतराच्या बारीक रेषा. यालाच फ्ल्यूटिंग म्हणतात. बंद मशीनला हादरे बसून खड्डे पडले असते, तर ते गोळ्यांच्या अंतराने, मोजकेच दिसले असते. इथे रेषा दाट होत्या. काम विजेचं होतं.

हे कसं घडतं? लाइनच्या तीन फेजच्या व्होल्टेजची बेरीज प्रत्येक क्षणी जवळजवळ शून्य असते. ड्राइव्ह मात्र सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून व्होल्टेजचे तुकडे पाठवतो. त्यांची बेरीज शून्य होत नाही. हे शिल्लक व्होल्टेज वाइंडिंग आणि रोटर यांच्यातल्या फटीतून शाफ्टवर पोचतं. शाफ्ट फिरताना ग्रीसच्या पातळ थरावर तरंगतो आणि तो थर वीज अडवतो. म्हणून मोटरच्या बॉडीचं अर्थिंग उत्तम असलं, तरी शाफ्टवर व्होल्टेज साठतंच. ते काही व्होल्टपासून काही दहा व्होल्टपर्यंत चढलं, की थर फुटतो, ठिणगी पडते आणि तेवढ्या ठिपक्यापुरतं पोलाद वितळतं. असे असंख्य सूक्ष्म खड्डे पडून आधी रेस धुरकट, निस्तेज होते. मग गोळ्या त्यावरून थरथरत धावतात आणि रेषा उमटतात. आपण ऐकतो तो आवाज या रेषांचा. म्हणजे आवाज येईपर्यंत रेस खराब झालेली असते.

त्या मोटरच्या शाफ्टवर कार्बन फायबरची अर्थिंग रिंग बसवली. ती विजेला बेअरिंगला वळसा घालून जाणारी सोपी वाट देते. मोटरची केबलही शिल्डवाली घेतली आणि शिल्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाईत जोडलं. नुसतं एक बेअरिंग इन्सुलेटेड घेऊन भागलं नसतं. ठिणगी दुसऱ्या बेअरिंगमध्ये पडली असती.

रिंग बसवण्याआधी आणि नंतर ऑसिलोस्कोपने, शाफ्टला टेकणारा ब्रश लावून, व्होल्टेज मोजा. साधा मीटर हे झपाट्याचे चढउतार दाखवत नाही. व्होल्टेज चढत जाऊन एकदम कोसळताना दिसलं, तर ठिणग्या पडताहेत असं समजा. रिंग नीट लागली असेल, तर तो चढ दिसेनासा होतो.