प्रिया स्कूटर : वय नेमकं कुणाचं झालं होतं?



१९७५ साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांचा तो भागीदारीतला प्रकल्प होता. तिथं 'प्रिया' स्कूटर तयार व्हायची. २००६ साली तिथलं स्कूटरचं उत्पादन बंद झालं. मधल्या तीस वर्षांत त्या कारखान्यासमोर जो प्रश्न उभा राहिला, तोच आज सांगली-साताऱ्यातल्या अनेक कारखानदारांसमोर आहे. मालाची वाढ मंदावली आहे, मग त्यात आणखी पैसे घालायचे की हात आखडता घ्यायचा?

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यासाठी जीवनचक्राची आकृती असते. मालाचा प्रवेश, वाढ, परिपक्वता आणि उतार. विक्रीची रेघ आधी चढते, मग सपाट होते, मग खाली येते. थिओडोर लेव्हिट यांनी १९६५ साली याच कल्पनेवर एक गाजलेला लेख लिहिला. आकृती सोपी आहे, पण आपण कुठल्या टप्प्यावर आहोत हे ती स्वतःहून सांगत नाही. स्कूटरच्या बाबतीत तर ती सरळ दिशाभूल करत होती.

परवान्यांच्या काळात स्कूटर हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. हातात आलेली गाडी बाहेर नव्या किमतीपेक्षा जास्त भावानं विकली जायची. अशा वेळी विक्रीचे आकडे मागणी दाखवत नाहीत, ते कारखान्याची क्षमता दाखवतात. रेघ सपाट दिसली तरी मागणी दाराबाहेर रांगेत उभी असते. म्हणून टंचाईच्या बाजारात विक्रीऐवजी प्रतीक्षायादी आणि जुन्या मालाचा भाव पाहावा. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या खाली आला की टंचाई संपत आली असं समजावं. तिथून पुढेच विक्रीची रेघ खरं बोलू लागते.

आता परिपक्वता येते कशी, ते एका कल्पित गावावर पाहू. गावात हजार घरं आहेत आणि त्यांपैकी चारशे घरांना स्कूटर परवडते. पाच वर्षांत ही चारशे घरं गाडी घेतात, म्हणजे वर्षाला ऐंशी गाड्या खपतात. विक्रेता खूश होतो, कारखाना क्षमता वाढवतो. सहाव्या वर्षी नवं गिऱ्हाईक उरत नाही, फक्त जुनी गाडी बदलणारं उरतं. गाडी दहा वर्षं टिकत असेल तर वर्षाला सरासरी चाळीसच गाड्या लागतात. ती पंधरा वर्षं टिकली तर सत्तावीस. स्कूटरवर कुणी रुसलेलं नाही, कुणी ती सोडलेली नाही, तरी विक्री निम्म्यावर येते. ऐंशी गाड्यांसाठी उभारलेली यंत्रं मात्र जागेवरच असतात. मग कारखाने एकमेकांच्या गिऱ्हाइकांसाठी सवलती देतात, जुन्या गाडीच्या बदल्यात नवी देतात, आणि नफा आटतो. या टप्प्यावर जास्तीच्या क्षमतेत घातलेला पैसा सर्वांत धोक्याचा असतो, कारण तो परत काढता येत नाही.

पण या हिशेबात एक गोष्ट मी गृहीत धरली आहे. 'चारशे' ही कमाल मर्यादा कुणी ठरवली? तिथं मी जरा थांबणार आहे, कारण प्रियाचं आणि तिच्या भावंडाचं, म्हणजे १९७२ च्या चेतकचं, खरं कोडं तिथंच आहे.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक इंजिन, थोड्या पेट्रोलमध्ये लांब पल्ला. खेड्यापाड्यातल्या रस्त्यांना मोटारसायकलची मोठी चाकंही सोयीची होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींनी स्कूटरला मागं टाकलं. २००० साली धुराचे नियम कडक झाले आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांची अडचण वाढली. चेतकचं उत्पादन २००५ च्या सुमारास थांबलं आणि २००९ साली बजाजनं स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. निदान स्पष्ट होतं : स्कूटर उताराला लागली आहे.

आणि याच काळात, २००१ साली, होंडाची अ‍ॅक्टिव्हा बाजारात आली होती. फोर-स्ट्रोक, गिअर नाहीत, ऑइल मिसळायची कटकट नाही. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत देशातल्या दुचाकींच्या विक्रीत स्कूटरचा वाटा सुमारे एक तृतीयांशापर्यंत गेला. मग वय कुणाचं झालं होतं? वय झालं होतं ते हातानं गिअर बदलायच्या टू-स्ट्रोक स्कूटरचं. पाय पुढं ठेवून बसायची, पिशवी ठेवता येणारी, साडी नेसूनही चालवता येणारी गाडी हवी ही गरज म्हातारी झाली नव्हती. उलट, जुनी जड स्कूटर तिरकी करून, किक मारून चालू करणं ज्यांना नको वाटायचं, त्या बायका आणि कॉलेजच्या मुली आता गिऱ्हाईक झाल्या. गावातली चारशेची मर्यादा सहाशेवर गेली, कारण एका घरात दुसरी गाडी आली.

म्हणून माझं मत असं आहे की, वाढ थांबली की आधी विक्रेत्यांकडे जावं आणि दोन गोष्टी विचाराव्यात. दहा गिऱ्हाइकांपैकी किती जण जुनी तीच वस्तू बदलायला येतात? आणि रिकाम्या हातानं परत जाणारे काय घेतात, का घेतात? बदलणारे बहुसंख्य असतील तर बाजार भरला आहे. परत जाणाऱ्यांचं कारण किंमत असेल तर खर्च कमी करण्यावर पैसा घालावा. कारण वापरातली गैरसोय असेल, तर तीच गाडी जास्त संख्येनं बनवण्यात अर्थ नाही, पण गाडी बदलण्यात आहे. तिथं हात आखडणं ही चूक ठरते. १९७६ साली नरिमन धल्ला आणि सोनिया युस्पे यांनी हाच इशारा दिला होता : माल म्हातारा झाला असं व्यवस्थापन ठरवतं, पैसा तोडतं, मग माल खरोखर पडतो आणि निदान बरोबर होतं असं वाटतं.

साताऱ्याच्या कारखान्यापुरतं एक बंधन सांगायला हवं. गाडीचं तंत्र भागीदाराचं होतं. गाडी बदलायचा निर्णय साताऱ्यात होण्यासारखा नव्हता. स्कूटर थांबल्यावर तिथं साचे, जिग्ज आणि फिक्स्चर बनवण्याचं काम चालू राहिलं, आणि कंपनीची खरी किंमत तिच्याकडे असलेल्या बजाज समूहाच्या शेअरमध्ये साठत गेली. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीची गोष्ट वेगळी होती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घेऊन तिथं कारखाना उभारला, आणि १९२६ साली तिथंच पंप बनू लागले. ओतशाळा आणि यंत्रशाळा तीच, माल मात्र नवा, आणि तो ठरवणारा मालक जागेवर होता. आपल्या जिल्ह्यांतले सुट्या भागांचे बहुतेक कारखाने सातारच्या वाटेवर आहेत. मालाचा आराखडा दुसऱ्याचा असतो.

अशा कारखानदारानं संपूर्ण स्कूटरचं वय मोजत बसू नये, आपल्या भागाचं मोजावं. चेतक २०२० साली विजेवर परत आली. विजेच्या गाडीला सायलेन्सर, क्रँक, गिअर बदलायची यंत्रणा लागत नाही. पण अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम, ब्रेक, चाकं, सस्पेन्शन लागतंच. सायलेन्सरच्या नळ्या वाकवणारं नवं यंत्र घ्यायचं असेल तर त्याची किंमत चार-पाच वर्षांत वसूल होते का ते पाहावं, नाहीतर जुनंच दुरुस्त करून चालवावं. डाय-कास्टिंगचं यंत्र मात्र आज इंजिनाचं झाकण ओततं आणि उद्या मोटरचं आवरण ओतू शकतं. बदलायचा तो साचा. त्यामुळे तिथं जास्त मुदतीचा हिशेब धरता येतो. दोन्ही यंत्रं एकाच शेडमध्ये शेजारी असतात, गिऱ्हाईक एकच असतं, तरी बँकेकडे कर्ज मागताना त्यांचे दोन वेगळे कागद करावेत.