भाग ३१: माझ्याच क्विझमधला चुकलेला प्रश्न

आज सुरुवातीलाच एक प्रश्न वाचून दाखवते. बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल, मनातल्या मनात उत्तर द्या.

"एका प्रोजेक्टला पाच आठवडे झालेत. दोन सिनिअर डेव्हलपर एकमेकांच्या डिझाइनवरून रोज वाद घालतात. काल मीटिंगमध्ये टीमने कोड रिव्ह्यूचे नियम ठरवले. ही टीम कोणत्या टप्प्यात आहे? फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग की परफॉर्मिंग?"

दिलं उत्तर? ठेवा लक्षात.

हा प्रश्न मीच लिहिला होता. आमच्याकडे नवीन आलेल्यांचं ट्रेनिंग असतं, त्यात टीमवर्कचा एक भाग आणि शेवटी २० मार्कांची क्विझ. १४ मिळाले तर पास, नाहीतर तो भाग पुन्हा करायचा आणि तोपर्यंत प्रोजेक्ट मिळत नाही. त्या बॅचला १४ जण होते. एका मुलीला १३ मिळाले. ती माझ्या डेस्कपाशी आली आणि म्हणाली, "ताई, नववा प्रश्न चुकलाय. माझा नाही, तुमचा."

[हसू]

पहिल्यांदा मला रागच आला, खोटं कशाला बोलू. माझ्या उत्तरसूचीत 'नॉर्मिंग' होतं आणि तिने 'स्टॉर्मिंग' लिहिलं होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की प्रश्नात "रोज वाद घालतात" असं वर्तमानकाळात लिहिलंय, म्हणजे वाद अजून चालूच आहे. नियम ठरवले ते कालच. ते कोणी पाळतंय की नाही हे प्रश्नात कुठेच नाही. मग टीम पुढच्या टप्प्यात गेली असं कशावरून म्हणायचं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून घरी जाऊन मी जरा मुळात शिरले.

हे टप्पे ब्रूस टकमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे. १९६५ मध्ये त्याचा लेख आला. गंमत म्हणजे त्यासाठी त्याने स्वतः नवीन टीम्सवर प्रयोग केलेले नव्हते. छोट्या गटांवर आधीच छापून आलेले ५० लेख त्याने वाचले आणि त्यांत एकसारखा क्रम दिसतो का ते पाहिलं. त्यातून चार टप्पे निघाले. पाचवा, ॲडजर्निंग, म्हणजे काम संपून गट मोडण्याचा टप्पा, १९७७ मध्ये त्याने आणि मेरी अ‍ॅन जेन्सन यांनी जोडला. क्विझ बनवणाऱ्यांना ही तारीख फार आवडते. "टकमनच्या मूळ मॉडेलमध्ये किती टप्पे होते?" असं विचारलं की अर्धा वर्ग 'पाच' लिहितो. उत्तर चार.

पण क्विझच्या दृष्टीने कामाची गोष्ट वेगळीच आहे. टकमनने प्रत्येक टप्प्यात दोन धागे बघितले. एक, माणसं एकमेकांशी कशी वागतात. दुसरा, ती कामाशी कशी वागतात. फॉर्मिंगमध्ये लोक एकमेकांना चाचपतात, कोणाचं ऐकायचं ते शोधतात आणि काम नेमकं काय आहे ते समजून घेतात. स्टॉर्मिंगमध्ये आपसात खटके उडतात आणि कामाच्या मागणीलाच विरोध होतो, "हे असं का करायचं" टाइप. नॉर्मिंगमध्ये गट एक होतो, आणि मतं न घाबरता मांडली जातात. परफॉर्मिंगमध्ये भूमिका लवचिक होतात, जो मोकळा तो पुढचं काम उचलतो, आणि सगळी ताकद काम सोडवण्यात जाते.

आता सोपी क्विझ काय करते? यातलं एखादं वाक्य उचलते आणि नाव विचारते. ती पाठांतराची परीक्षा, तिच्यावर वेळ घालवत नाही. पीएमपीसारख्या सर्टिफिकेशनच्या तयारीत किंवा एमबीएच्या पेपरात खरा घोळ होतो तो प्रसंग देणाऱ्या प्रश्नांमध्ये. तिथे टप्प्याचं नाव नसतं, वागणूक असते, आणि चार पर्यायांपैकी दोन शेजारशेजारचे टप्पे असतात. फॉर्मिंग आणि परफॉर्मिंगमध्ये सहसा कोणी गोंधळत नाही. गोंधळ होतो तो सीमेवर.

अशा प्रश्नात पहिला सापळा म्हणजे भांडण. भांडण दिसलं की लोक डोळे मिटून 'स्टॉर्मिंग' टिक करतात. पण चांगली चालणारी टीमसुद्धा भांडते! फरक कशात, तर मतभेदाचं पुढे काय होतं यात. वाद माणसावर घसरतो, निर्णय लटकतो, लोक गट पाडतात, तर ते स्टॉर्मिंग. वाद मुद्द्यावर राहतो आणि टीम स्वतःच तो मिटवून कामाला लागते, तर ते परफॉर्मिंगही असू शकतं. उलटंही खरं आहे. सगळे गोड बोलतायत, मीटिंगमध्ये माना डोलावतायत, म्हणून नॉर्मिंग समजू नका. सगळे लीडच्या तोंडाकडे बघत असतील आणि कोणी कोणाला ओळखत नसेल, तर ती फॉर्मिंगची शांतता. आमच्या गावाकडे लग्नात दोन्हीकडची मंडळी पहिल्या दिवशी जशी बोलतात ना, तशी.

दुसरा सापळा म्हणजे वेळ. माझ्या प्रश्नातले "पाच आठवडे" बघा. ते कशाचाच पुरावा नाहीत. टकमनने कुठल्या टप्प्याला किती आठवडे असं वेळापत्रक दिलेलं नाही. तरी प्रश्नात आकडा दिसला की डोकं त्याला चिकटतं. पाच आठवडे म्हणजे अर्ध्यात तरी आले असतील, असं वाटतं. प्रसंग वाचताना आकडा झाकून बघा, उत्तर बदललं तर तुम्ही आकड्यावरून उत्तर देत होता.

नॉर्मिंग आणि परफॉर्मिंगच्या सीमेवर मी एकच गोष्ट शोधते. पुढचं काम कोण ठरवतंय? लोक जुळवून घेतायत, पण "आता मी काय घेऊ" हे विचारायला अजून लीडकडे जातायत, तर नॉर्मिंग. लीड सुट्टीवर आहे आणि रिलीज तरीही वेळेत गेलं, तर परफॉर्मिंग. "मॅनेजरने आता काय करावं?" हा प्रश्नही इथूनच सुटतो. फॉर्मिंगला स्पष्ट सूचना द्यायच्या, स्टॉर्मिंगला वाद उघड्यावर आणून सोडवायचा, आणि परफॉर्मिंगला बाजूला व्हायचं. परफॉर्मिंगच्या प्रसंगात "रोज सगळ्यांचा आढावा घ्यावा" असा पर्याय असला तर तो बहुतेक वेळा फसवायलाच ठेवलेला असतो.

बरं, परत माझ्या नवव्या प्रश्नाकडे.

त्या मुलीचं बरोबर वाटलं, पण मला खात्री हवी होती. मग मी एक हिशोब केला. परीक्षा घेणारे लोक तो नेहमी करतात, मला मात्र तोपर्यंत माहीत नव्हता. एकूण मार्कांवरून सगळ्यांना ओळीत लावायचं. वरचे पाच आणि खालचे पाच घ्यायचे. मग बघायचं, हा एक प्रश्न वरच्या किती जणांना आला आणि खालच्या किती जणांना. चांगला प्रश्न वरच्यांना जास्त येतो, साहजिकच.

माझ्या प्रश्नात वरच्या पाचांपैकी दोघांनीच 'नॉर्मिंग' लिहिलं होतं. बाकी तिघांनी 'स्टॉर्मिंग'. खालच्या पाचांपैकी मात्र चौघांनी 'नॉर्मिंग' लिहून मार्क घेतला होता! दोन वजा चार, भागिले पाच, म्हणजे उणे ०.४. गट इतका लहान असताना आकड्याला फार धरून बसू नये, हे मान्य. पण उणे चिन्ह दिसलं की प्रश्न उघडून बघायचा असतो. ज्यांना विषय येतो त्यांनाच तो चुकतोय.

का चुकतोय? हे समजलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. प्रश्नात मी "नियम" हा शब्द लिहिला होता. नॉर्म म्हणजे नियम, हे पहिल्याच स्लाइडवर होतं. ज्यांनी फक्त स्लाइड पाहिली होती त्यांनी शब्दाला शब्द जुळवला. ज्यांनी प्रसंग नीट वाचला, ते रोजच्या वादापाशी थांबले. माझी क्विझ टप्पे ओळखता येतात का ते तपासतच नव्हती. शब्द ओळखता येतो का, तेवढंच.

मग प्रश्न नव्याने लिहिला. ऐका.

"दोन सिनिअर डेव्हलपर आधी डिझाइनवरून भांडायचे. आता मतभेद झाला की दोघंही आपलं म्हणणं सगळ्यांसमोर मांडतात, टीम चर्चा करून एक डिझाइन निवडते आणि दोघंही ते मान्य करतात. पुढचं काम कोणी घ्यायचं हे मात्र अजून लीडच सांगतो."

यात 'नियम' नाही, आठवडे नाहीत. भांडण भूतकाळात गेलंय, म्हणून स्टॉर्मिंग बाद. काम लीड वाटतोय, म्हणून परफॉर्मिंग बाद. एकमेकांना चाचपण्याचा काळ केव्हाच संपलाय. उरतं ते नॉर्मिंग, आणि ते का, हे प्रश्नातल्या वाक्यावर बोट ठेवून सांगता येतं. पुढच्या बॅचला हाच दिला.

एक गोष्ट मात्र ट्रेनिंगमध्ये मी आता सांगतेच. क्विझमधलं बरोबर उत्तर हे मॉडेलचं उत्तर असतं. टकमनने वाचलेल्या लेखांमध्ये मानसोपचारासाठी जमलेल्या गटांचे अभ्यास सगळ्यात जास्त होते, ऑफिसातल्या टीम्स फार थोड्या, आणि ही मर्यादा त्याने स्वतःच लिहून ठेवलीय. पुढे १९८८ मध्ये कॉनी गर्सिक या संशोधिकेने मुदत असलेल्या आठ गटांचा अभ्यास केला. तिला असे टप्पे ओळीने दिसलेच नाहीत. गट बराच काळ एकाच पद्धतीने चालत, आणि मुदत निम्मी संपली की अचानक सगळी पद्धत बदलत. सेमिस्टर प्रोजेक्ट आठवा तुमचा. म्हणून "ही टीम स्टॉर्मिंगमध्ये आहे, होईल आपोआप नीट" असं कोणी तुमच्या खऱ्या टीमबद्दल म्हणालं, तर क्विझमधल्या मार्काच्या जोरावर मान्य करू नका.

आणि ती मुलगी? नवव्या प्रश्नाला मी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली. 'स्टॉर्मिंग' लिहिणाऱ्या पाचही जणांचा एकेक मार्क वाढला, तिचे १४ झाले. तो भाग तिला पुन्हा करावा लागला नाही. पुढच्या बॅचची क्विझ पाठवायच्या आधी मी तिला वाचायला दिली. तिने सतराव्या प्रश्नावर लाल खूण करून परत पाठवली.

[हसू]

भेटू पुढच्या भागात.