सिग्नलला मंदावणारे हेडलाइट: पट्टा, रेग्युलेटर की डायोड?

आज एकच तक्रार घेऊन बसू या. गाडी सिग्नलला उभी राहिली की हेडलाइट मंदावतात, डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह उमटतं, आणि जरा रेस दिली की दोन्ही जागेवर येतं. दिल्ली-नोएडात ही तक्रार डिसेंबर-जानेवारीत जास्त ऐकू येते आणि त्याला कारण आहे. बाहेर धुकं, संध्याकाळी लवकर अंधार. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असं सगळं एकदम चालू, आणि गाडी मात्र जाममध्ये उभी. म्हणजे विजेचा खर्च सगळ्यात जास्त आणि कमाई सगळ्यात कमी.

लष्करात माझी नोकरी ईएमईमध्ये झाली, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत. तिथली एक सवय अजून सुटलेली नाही. आधी मोजायचं, मग बदलायचं. इथे नेमकं उलटं चालतं. लाल दिव्यावर बॅटरीचं चित्र असतं, म्हणून रस्त्यावरचा मेकॅनिक सांगतो, "साहब, बैटरी गई." पण त्या दिव्याचा अर्थ 'बॅटरी खराब' असा नाहीच. 'बॅटरीला चार्ज मिळत नाही' असा आहे.

जुन्या पद्धतीच्या गाडीत तो दिवा कसा जोडलेला असतो ते पाहा. त्याच्या एका टोकाला बॅटरीचा व्होल्टेज येतो, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचा. दोन्ही सारखे असले की दिव्यातून प्रवाह जात नाही आणि तो विझतो. अल्टरनेटर मागे पडला की दिवा पेटतो. थोडाच मागे पडला तर मिणमिणतो. हे मिणमिणणं फार बोलकं असतं, त्याकडे पुढे येऊ. नव्या गाड्यांत दिवा संगणकाच्या हुकमावर चालतो. तो पेटतो किंवा विझतो, मधलं काही दाखवत नाही. तसंच एलईडी हेडलाइट असतील तर ते व्होल्टेज थोडा उतरला तरी मंदावत नाहीत, त्यामुळे ही पहिली खूण तुम्हाला दिसणारच नाही.

आता माझ्या शेजाऱ्यांची गाडी घेऊ. हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे. आठ वर्षांची पेट्रोल गाडी, हॅलोजन हेडलाइट. म्हणाले, "अहो, चार महिन्यांत दुसरी बॅटरी झाली. आता तिसरी घ्यायला सांगतायत." दोन दिवसांनी त्यांना यमुना एक्सप्रेसवेने आग्र्याला जायचं होतं. धुक्यामुळे हिवाळ्यात त्या रस्त्यावर वेगमर्यादा कमी करतात, तो हा रस्ता. गाडीचं पॉवर स्टीअरिंग विजेवर चालणारं. व्होल्टेज फार खाली गेला की ते मदत करणं सोडतं आणि चाक हाताला एकदम जड लागतं. धुक्यात, ट्रकच्या मागे, ते नको.

आम्ही मल्टिमीटर घेतला. इंजिन बंद असताना बॅटरीच्या टर्मिनलांवर १२.३ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, म्हणजे ही अर्धपोटी होती, पण मेलेली नव्हती. इंजिन चालू केलं, बाकी सगळं बंद ठेवलं, तर १३.६. ठीक म्हणावं असं, साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. मग हेडलाइट, ब्लोअर आणि मागचा हीटर लावला. आकडा घसरत १२.३ वर येऊन थांबला आणि लाल दिवा मिणमिणू लागला. अल्टरनेटर फिरतोय, पण बॅटरीला काहीच देत नाही; उलट बॅटरीच गाडीला पोसतेय. इंजिन २००० फेऱ्यांवर नेलं तेव्हा १३.४.

हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. १३.६ वरून १२.३ म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांच्या आसपास उतरला, पण प्रकाश जवळजवळ ३० टक्के गेला. म्हणून डोळ्याला ते लगेच कळतं. रेडिएटरचा पंखा सुरू होताना दिवे क्षणभर लुकलुकले तर ते मात्र साधं आहे, त्यामागे लागू नका.

आता तीन संशयित. पहिला पट्टा, कारण तो तपासायला पैसे लागत नाहीत. उभ्या गाडीत अल्टरनेटर सावकाश फिरतो आणि तेव्हाच त्याच्यावर ओझं सर्वाधिक असतं, म्हणून ढिला पट्टा तिथेच घसरतो. जोंगाच्या काळात पट्टा अंगठ्याने दाबून पाहायचो. दोन पुलींच्या मध्ये साधारण एक सेंटिमीटर दबला की ताण बरोबर. आजच्या रेघांच्या रुंद पट्ट्याला बऱ्याचदा आपोआप ताण देणारी पुली असते, आणि त्याचं रबर इतकं चांगलं असतं की झिजला तरी त्याला भेगा पडत नाहीत. त्यामुळे 'भेगा नाहीत, पट्टा नवाच आहे' हे आता चालत नाही. रेघा झिजून पट्टा पुलीच्या खाचांत खोल बसतो आणि पकड सोडतो, विशेषतः ओला झाल्यावर. पावसाळ्यात एखाद्या तुंबलेल्या अंडरपासातून गाडी काढलीत की हे कळतं.

पट्टा ओळखायचा तो आवाजाने आणि उष्णतेने. हेडलाइट आणि ब्लोअर लावताच चिरका आवाज आला तर संशय पक्का. इंजिन चालू असताना लांबून, बाटलीने, पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. हात, शर्टाची बाही, मफलर सगळं दूर ठेवून. आवाज वाढला तर ताण कमी आहे. थोडा वेळ गेला आणि परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. शिवाय घसरणारा पट्टा पुलीला भाजून काढतो. इंजिन बंद करून, हात न लावता जवळ नेला तरी झळ लागते. आमच्या गाडीत आवाज नव्हता, पुलीही इतर भागांइतकीच गरम. पट्टा सुटला.

दुसरा रेग्युलेटर. याचं काम रोटरला किती प्रवाह द्यायचा ते ठरवणं. बहुतेक अल्टरनेटरांत कार्बन ब्रश त्याच्याच तुकड्यात बसवलेले असतात. रेग्युलेटर पूर्ण गेला तर रेस दिली तरी व्होल्टेज वर येत नाही, बॅटरीच्या पातळीवर रेंगाळतो आणि हळूहळू उतरत जातो. उलट बाजूला बिघडला तर १५ च्या वर जातो. मग बल्ब उडायला लागतात आणि बॅटरीतलं पाणी आटतं. ब्रश झिजले असतील तर दिवा खड्ड्यात, गचक्यात लागतो आणि जातो. यातलं काहीच आमच्याकडे जुळत नव्हतं. बिनओझ्याचा आकडा बरा होता आणि रेस दिल्यावर तो वर येत होता. हुकूम देणारा शाबूत, काम करणारा अर्धा पडलेला, असं हे चित्र.

एक सूचना इथेच देतो. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला चार्जिंगचा व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात. म्हणून नुसता एक कमी आकडा पाहून रेग्युलेटर बदलू नका. हेडलाइट लावून परत मोजा. गाडी ठीक असेल तर आकडा स्वतःच चढतो.

तिसरा डायोड. अल्टरनेटर आत प्रत्यावर्ती वीज बनवतो, म्हणजे एसी. बॅटरीला लागते डीसी. मधलं वळण डायोडांच्या पट्टीवर होतं. तीन फेजसाठी मुख्य डायोड सहा. एक तुटला तर त्या फेजची अर्धी लाट वाया जाते. रेस दिली की उरलेले पाच भागवतात, उभ्या गाडीत भागत नाही. आणि जी वीज येते ती खडबडीत असते, तिच्यात एसीची लाट उरते. ही लाटच डायोडाला पकडून देते, कारण पट्टा ढिला असला किंवा रेग्युलेटर मेला तरी ती वाढत नाही.

हेडलाइट लावलेले, इंजिन उभ्या गाडीच्या वेगावर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावला. चांगल्या गाडीत ०.१ च्या खाली असतं, ०.५ च्या वर गेलं तर डायोड समजावा. आम्हाला ०.९ दिसलं. पण अगदी स्वस्त मीटर इथे फसवतो. त्याची एसीची सर्वांत लहान रेंजही २०० व्होल्टची असते, आणि तो डीसीलाच एसी समजून पंचवीस-तीस असा भलताच आकडा दाखवतो. टोकं उलटी लावली की शून्य. असं झालं तर मीटर बदला, गाडी नव्हे.

डायोड तुटण्याऐवजी आरपार झाला तर खूण वेगळी. जुन्या रचनेच्या अल्टरनेटरांत चावी काढल्यावरही लाल दिवा मिणमिणतो, सकाळी अल्टरनेटर हाताला कोमट लागतो आणि बॅटरी रात्रीत बसते.

निकाल देण्यापूर्वी आम्ही अल्टरनेटरच्या जाड तारेचं टोक आणि बॅटरीचं धन टोक यांमधला फरक ओझ्याखाली मोजला. ०.१ व्होल्ट, म्हणजे तार आणि जोड ठीक. गंजलेला जोडही हेच सोंग आणतो, म्हणून ही तपासणी चुकवू नये.

गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. तो म्हणाला, "टर्मिनल निकालके देख लेते हैं." मी त्याला थांबवलं. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून 'गाडी चालू राहते का' हे पाहणं जुन्या डायनॅमोच्या दिवसांचं आहे. आज तसं केलं की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतो, आणि आठ-दहा हजारांच्या दुरुस्तीतून इंजिनाच्या संगणकाचा खर्च उभा राहतो. पाहून काहीच सिद्ध होत नाही ते वेगळंच.

अल्टरनेटर उतरवला, उघडला. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून पट्टीवरचे डायोड एकेक तपासले. चांगला डायोड एका दिशेने साधारण ०.५ दाखवतो, दुसऱ्या दिशेने मीटरच्या पडद्यावर OL येतं. पाच तसेच निघाले. सहावा दोन्ही दिशांना OL. ब्रश अजून लांब होते, बेअरिंग शांत. काश्मिरी गेटच्या पार्ट्स बाजारातून नुसती डायोडांची पट्टी आणली आणि पूर्ण अल्टरनेटर घ्यायची वेळ टळली. जोडल्यावर तेच सगळं ओझं लावून आकडा १३.७, लाट ०.०४.

डायोड का गेला, हे मी त्यांना विचारत बसलो. नोव्हेंबरमध्ये बॅटरी पूर्ण बसली होती. जंप स्टार्ट करून गाडी तासभर उभ्याउभ्या चालू ठेवली होती, 'चार्ज होऊ दे' म्हणून. माझा संशय तिथे आहे. रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते, उभ्या गाडीत त्याचा पंखा सावकाश फिरतो, आणि डायोड भाजतात. म्हणून दुरुस्ती झाल्यावरही त्यांची अर्धपोटी बॅटरी आम्ही आधी रात्रभर चार्जरवर लावली, सकाळी १२.६ पाहिले, आणि मगच ते आग्र्याला निघाले.