तीस दिवस कसे मोजावे?

मंडळी, समजा यवतमाळच्या बाजारात तुम्ही कापूस विकला. व्यापाऱ्याने चेक दिला, पण खात्यात पैसे नाहीत म्हणून बँकेने तो परत केला. तशी चिठ्ठी ३ मार्चला तुमच्या हाती आली. आता तीस दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस धाडावी लागते.

३ मार्च सोडून द्या. ४ मार्च हा पहिला दिवस. ३१ मार्चला अठ्ठावीस दिवस झाले, २ एप्रिलला तीस भरले. मधले रविवार, सणवार मोजायचेच. एखाद्या करारातली मुदत ‘कामाचे दिवस’ अशी लिहिली असेल, तर ती मोजताना ते वगळतात.

शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असले, तर कोर्टातले काम उघडेल त्या दिवशी करता येते. नोटिशीला ती सवलत मिळेल असे धरू नका. ती चार दिवस आधीच पोस्टात द्या आणि पावती जपा.