फरशीचा खरा भाव
(सोसायटीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



इमारतींना पंचवीस वर्षे झाली, त्यामुळे बऱ्याच घरांतून फरशी बदलायचा विषय निघतोय. पिरंगुटला जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो, "पन्नास रुपये फुटाने मिळतीय." बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला लगेच प्रश्न पडतो, पन्नास कशावर? विकत घेतलेल्या फुटावर, की खोलीत बसलेल्या फुटावर?

आपली ११ बाय ९ ची बेडरूम घेऊ. क्षेत्रफळ ९९ फूट. दोन बाय दोनची म्हणतात ती फरशी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. अकरा फुटांत पाच अख्ख्या बसतात आणि सहावी कापून; नऊ फुटांत चार अख्ख्या आणि पाचवी कापून. सहा गुणिले पाच, तीस फरशा. कापून उरलेली पट्टी जेमतेम साडेनऊ इंची, ती जमिनीला लागत नाही. पण टाकू नका! प्रत्येक पट्टीतून चार इंची स्कर्टिंगचे दोन तुकडे निघतात, आणि दार सोडून उरलेल्या ३७ फुटांचे स्कर्टिंग त्यातच भागते. मिस्त्रीला हे काम सुरू व्हायच्या आधी सांगावे, नाहीतर पट्ट्या राडारोड्यात जातात आणि स्कर्टिंगसाठी नवे बॉक्स आणावे लागतात.

बॉक्समध्ये चार नग. तीस फरशांना आठ बॉक्स, म्हणजे ३२ नग, दोन तुटफुटीला. एका सरळ खोलीला तेवढे पुरते. तिरकी बसवायची हौस असेल तर मात्र जास्त घ्या. सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा, कारण नंतर आणलेल्या बॉक्सचा रंग जुळेलच असे नाही.

आता हिशेब. भाव उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला. बॉक्सवर १.४४ चौरस मीटर छापलेले असते, म्हणजे साडेपंधरा फूट. कोणी सोळा धरून बिल केले, तर आठ बॉक्सना चार फुटांचे पैसे फुकट गेले. आठ बॉक्सचे १२४ फूट, पन्नासवर १८ टक्के जीएसटी धरून ५९ रुपयांनी ७,३१६. मजुरी ९९ फुटांना तीसने २,९७०. स्कर्टिंग ३७ फूट, पंधराने ५५५. सिमेंट-वाळू फुटाला वीस, १,९८०. टेम्पो-हमाली ७००. बेरीज १३,५२१. भागिले ९९, फुटाला जवळजवळ १३७ रुपये. जुनी फरशी उखडायची असेल तर तो खर्च वेगळा.

मजुरी ठरवताना माप खोलीचे, हे आधीच बोलून घ्या. बॉक्सच्या १२४ फुटांवर मजुरी लावली, तर साडेसातशे रुपये जादा जातात. दुकानात दोन रुपयांसाठी आपण अर्धा तास घासाघीस करतो. ते दोन रुपये सुटले तरी या खोलीत वाचतात तीनशेच्या आत.

न उघडलेला बॉक्स परत घेणार का, हे पावतीवरच लिहून घ्यावे.